चुकून आलेला खासगी फोटो: समोरच्याला न अवघडवता उत्तर कसं द्यावं

पंचवटीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानाचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर पाटीवरच लिहिलेला असल्यामुळे दिवसभर आधार कार्ड, सातबारा, मार्कशीट येत राहतात. कधीतरी भलतंच काही येतं. मागच्या पावसाळ्यात एका काकूंनी मुलीच्या अ‍ॅडमिशनचे कागद पाठवले आणि पाठोपाठ स्वतःच्या पोटावरच्या टाक्यांचा फोटो आला. तो डॉक्टरांना जायचा होता. चॅटच्या यादीत डॉक्टर आणि मी एकाखाली एक होतो, एवढंच कारण.

दोन मिनिटांत त्यांचा मेसेज आला, "अहो, चुकून गेलं. सॉरी सॉरी." वर त्यांनी घाईत ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ऐवजी ‘डिलीट फॉर मी’ दाबलं होतं. म्हणजे फोटो त्यांच्या फोनवरून गेला, माझ्याकडे तसाच राहिला, आणि आता त्यांच्या हातात काहीच उरलं नव्हतं. अशा वेळी समोरच्याची धडधड थांबवणं आपल्याच हातात असतं.

आधी पुसा, मग लिहा. उलटं केलं तर "डिलीट करतो" असं नुसतं आश्वासन जातं आणि समोरचा माणूस वाट बघत बसतो. फोटोवर बोट दाबून धरा, डिलीट निवडा. फोनच्या गॅलरीतूनही फाइल काढायची का, असा पर्याय दिसला तर तिथली खूण राहू द्या. पण इथेच बहुतेक जण थांबतात. गॅलरी उघडून बघा. गुगल फोटोज व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरचा बॅकअप घेत असेल तर तिथेही प्रत असते, आणि तिथून काढलेला फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस पडून राहतो. ट्रॅशही रिकामा करावा लागतो. आयफोनवर ‘रीसेंटली डिलीटेड’ बघायचं. माझ्याकडे आणखी एक जागा होती, दुकानातला कॉम्प्युटर. पोऱ्याने सगळ्या फाइली एकदम डाउनलोड केल्या होत्या. डाउनलोड्समधून काढलं, रीसायकल बिनमधूनही काढलं. पाच मिनिटं लागली असतील.

मग उत्तर. मी लिहिलं: "काकू, काळजी करू नका. फोनमधून आणि दुकानाच्या कॉम्प्युटरमधून काढून टाकला आहे, कुठेच राहिला नाही. तो आलाच नाही असं धरू. मार्कशीटच्या 2 प्रती काढतोय, उद्या सकाळी तयार."

या मेसेजमध्ये काय नाही, तेही बघा. फोटोत काय होतं याचा शब्द नाही. "बरं वाटतंय का आता?" हे तोंडावर आलं होतं, पण विचारलं असतं तर फोटो निरखून पाहिल्याची पावती दिल्यासारखं झालं असतं. "मी बघितलाच नाही" असंही लिहिलं नाही. त्यांच्या सॉरीच्या मेसेजवर निळ्या टिका त्यांना दिसत होत्या, म्हणजे मी चॅट उघडलंय हे त्यांना कळलं होतं, आणि उघड खोटं बोललं की पुढचं "काढून टाकला" तरी कोण खरं मानणार? हसणारी इमोजी नाही. "असं होतं हो सगळ्यांचं" इतपत चालतं, पण दुसऱ्या कुणाचा किस्सा सांगू नका. ऐकणाऱ्याला वाटतं, उद्या माझाही किस्सा होणार. शेवटी मूळ कामाचं वाक्य मात्र मुद्दाम घातलं, कारण त्यामुळे बोलणं पुन्हा नेहमीच्या वाटेवर येतं.

पाठवणाऱ्याच्या लक्षातच आलं नसेल तर? गुपचूप पुसून गप्प बसावंसं वाटतं. पण मग रात्री कधीतरी त्यांना स्वतःला दिसतं आणि झोप उडते. साधं सांगावं: "ताई, एक फोटो चुकून इकडे आला आहे, मी काढलाय. तुमच्याकडूनही ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करून घ्या." त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप साधारण अडीच दिवस देतं. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडला असेल तर ग्रुपवर चकार शब्द लिहू नका. त्यांना थेट फोन करा. उचलला नाही तर अ‍ॅडमिनला सांगा, त्याला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी पुसता येतो.

आणि कुणाला दाखवायचा नाही, फॉरवर्ड करायचा नाही. पोऱ्यालाही मी तेवढंच बजावलं. दुसऱ्याच्या गुप्तांगाचा फोटो संमतीशिवाय पुढे पाठवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ई खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. फोटो तुमच्याकडे चुकून आला होता, म्हणून तो पुढे पाठवायची मुभा मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या, जरा खाली बघतच. मी मार्कशीट पुढे केल्या आणि म्हटलं, "ही दुसरी प्रत थोडी फिकट आलीय, परत काढून देऊ का?" त्यांनी उजेडात धरून पाहिली. "द्या काढून," म्हणाल्या.