मराठी बायोडेटाचा जर्मन बायोडेटा करताना तारखा आणि पदव्या कशा सांभाळाव्या

छापील मराठी बायोडेटाचा फोटो कसा काढायचा ते सांगत बसत नाही. कागद सपाट हवा, उजेड खिडकीचा हवा आणि त्यावर आपली सावली नको. मात्र तो फोटो थेट भाषांतराला देऊन जर्मन मजकूर उचलू नका. ‘एका क्लिकमध्ये भाषांतर’ सांगणाऱ्यांनी बहुधा कधी अर्जच केलेला नसतो. आधी गूगल लेन्सने फक्त मराठी मजकूर कॉपी करा आणि तो पूर्ण तपासा. नाहीतर वाचनाची चूक आणि अर्थाची चूक एकमेकींत मिसळतात, आणि जर्मन येत नसेल तर दोन्ही दिसत नाहीत.

मी फसलो तो आकड्यांत. मावसभाऊ इलेक्ट्रिशियन. त्याचा बायोडेटा डीटीपीवाल्याने दोन रकान्यांत छापलेला, डावीकडे वर्षं आणि उजवीकडे कंपन्या. पुसट छपाईत १ आणि ९ सारखेच दिसतात, आणि ४ चा इंग्रजी आठ होऊ शकतो. आमच्या कागदावर २०१९ चं २०११ झालं. हे नोकरी सोडल्याचं वर्ष असतं, तर नोकरी लागण्याआधीच सुटलेली दिसली असती आणि चूक पकडली गेली असती. पण ते लागल्याचं वर्ष होतं. अनुभव आठ वर्षांनी वाढला आणि कुणालाच खटकलं नाही. अनुभवाचं पत्र पुढे ठेवल्यावर ही चूक खोटेपणासारखी दिसते. शिवाय कंपनीचं नाव दोन ओळींत गेलं की वर्षं एक ओळ खाली सरकतात.

म्हणून आता मी फोटोतला प्रत्येक नोकरीचा तुकडा वेगळा कापून लेन्सकडून वाचून घेतो. मग एकाने अनुभवपत्रावरून महिना आणि वर्ष मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने फाइलवर टिक करायची. छापील बायोडेटावरून पडताळू नका, त्यातही चुका असतात.

कंपनीचं नाव भाषांतरित करायचं नाही. ‘प्रगती’ नावाच्या कारखान्याचा जर्मन अर्थ काढलात, तर तो कारखाना शोधूनही सापडणार नाही. पत्राच्या शिक्क्यावरचं इंग्रजी स्पेलिंग जसंच्या तसं घ्या.

शिक्षणात दोन सापळे आहेत. ‘हायस्कूल’चं Hochschule झालं की दहावी पास माणूस विद्यापीठात जाऊन बसतो. आणि जर्मन Diplom ही विद्यापीठाची पदवी असते, आपला तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा नव्हे. प्रमाणपत्रावरचं मूळ नाव ठेवून खाली साधं स्पष्टीकरण द्या:

```
08/2012 – 07/2014
National Trade Certificate, Electrician
Zweijährige Ausbildung, ITI, Indien
```

टक्केवारी तशीच लिहा, जर्मन श्रेणीत बदलू नका. तिथे १ हा सर्वोत्तम गुण असतो.

जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय काढून टाका.

शेवटी ‘आजपर्यंत’ हा शब्द शोधा. भावाने ती नोकरी सोडून सात महिने झाले होते, आणि छापील कागद अजून तिथेच काम करत होता.