एक शून्य आणि घसरलेली सरासरी: या चुका टाळा

सात जणांचे १०० पैकी गुण घेऊ: ६२, ६५, ६८, ७०, ७१, ७४, ८०. बेरीज ४९०, म्हणजे सरासरी ७०. चढत्या क्रमाने लावल्यावर मधला, चौथा आकडाही ७०, म्हणून मध्यकही ७०.

आता ८० गुणांच्या जागी ० पडला असं समजा. बेरीज ४१० होते आणि सरासरी ५८.६ वर येते. मध्यक काढायला यादी पुन्हा लावावी लागते: ०, ६२, ६५, ६८, ७०, ७१, ७४. चौथा आकडा ६८.

इथे पहिली चूक होते. ५८.६ बघून "गटाची पातळी साठच्या खाली" असं लिहून मोकळे होतात. पण यादी बघा, शून्य सोडलं तर सगळ्यात कमी गुणसुद्धा ६२ आहेत! सरासरीत गेलेले ८० गुण सातही जणांवर वाटले जातात, म्हणून ती जवळजवळ साडेअकराने उतरते. मध्यकाला मात्र शून्य किती खाली आहे याच्याशी देणंघेणं नाही, ते मधल्या आकड्याच्या कुठल्या बाजूला आहे एवढंच त्याला कळतं. त्या जागी ० ऐवजी ४० असते तरी मध्यक ६८ च राहिला असता. सरासरी आणि मध्यक यांत असं मोठं अंतर दिसलं, की आधी यादीचं खालचं टोक तपासावं.

दुसरी चूक मला जास्त गंभीर वाटते: ते शून्य आलं कुठून हे न विचारणं. पेपर देऊन मिळालेलं शून्य हे खरे गुण आहेत, ते मोजायलाच हवं. गैरहजर माणसापुढे ० टाकलं असेल तर ती नोंदच चुकीची आहे. स्प्रेडशीटमध्ये रिकामा सेल AVERAGE आणि MEDIAN दोन्ही सोडून देतात, ० मात्र दोन्ही मोजतात. गैरहजराचा सेल रिकामा ठेवला की सहा जणांची सरासरी ६८.३ येते. मध्यक ६९, कारण आकडे सम असले की मधल्या दोघांची, इथे ६८ आणि ७० यांची, सरासरी घ्यायची असते. काही जण त्यापेक्षा हे सूत्र वापरतात:

```
=AVERAGEIF(B2:B8,">0")
```

त्याने खरी शून्यंही गुपचूप गळतात, म्हणून नोंदच दुरुस्त केलेली बरी.

आणि मध्यक घेतला म्हणजे निर्धास्त झालो असंही नाही. आपल्या यादीत ८०, ७४ आणि ७१ या तिन्ही जागी शून्य आली तरी मध्यक ६२ दिसतो, सरासरी तोवर ३७.९ झालेली असते. ७० च्या जागीही शून्य आलं, की सातांपैकी चार शून्य होतात आणि मध्यक ६२ वरून थेट ० वर येतो. अशा वेळी मध्यकाशेजारी शून्यांची संख्याही लिहावी.