बाळाच्या कानाच्या टेस्टमध्ये ‘रेफर’ आलं, आता पुढे काय करायचं?

बाळ एक-दोन दिवसांचं असताना कानाची टेस्ट होते आणि हातात कागद येतो, त्यावर एका किंवा दोन्ही कानांपुढे ‘रेफर’ लिहिलेलं असतं. बरेच आईबाबा याचा अर्थ थेट ‘बाळाला ऐकू येत नाही’ असा घेतात, आणि काही जण उलट ‘मशीनचं काय, चुकत असेल’ म्हणून कागद फाईलमध्ये ठेवून देतात. या दोन्हीतली दुसरी चूक जास्त महागात पडते असं मला वाटतं, कारण त्यात वेळ जातो. रेफर म्हणजे एवढंच की आज या कानातून मशीनला हवा तसा सिग्नल मिळाला नाही, तो का मिळाला नाही ते पुढच्या टेस्टने बघायचंय.

आधी कागद नीट वाचा, टेस्ट कोणती होती ते बघा. ओएई असेल तर बाळाच्या कानात छोटा प्रोब ठेवून टिकटिक असा आवाज सोडतात, आणि आतल्या कानातल्या केसपेशी नीट काम करत असतील तर त्या आवाजाला उत्तर म्हणून अगदी बारीक आवाज परत पाठवतात, तो प्रोबमधला माईक पकडतो. हा आवाज इतका हळू असतो की कानाच्या नळीत जन्माच्या वेळचा पांढरा चिकट थर राहिला असेल, पडद्यामागे पाणी असेल, प्रोब नीट बसला नसेल किंवा बाळ रडत असेल तरी रेफर येतं. म्हणूनच जन्मानंतर पहिल्या 24 तासांत केलेल्या टेस्टमध्ये रेफर जास्त येतात. दुसरी टेस्ट म्हणजे ऑटोमेटेड एबीआर, त्यात डोक्याला स्टिकर लावून साधारण 35 डेसिबलचा हळू आवाज देतात आणि कानाची नस व मेंदूचा खालचा भाग प्रतिसाद देतो का ते बघतात.

हा फरक लक्षात ठेवायचं कारण असं, की ओएई फक्त केसपेशींपर्यंतच बघते. नसेमध्ये अडचण असेल तर ओएई आरामात पास होऊ शकते. म्हणून जे बाळ एनआयसीयूमध्ये पाच दिवसांपेक्षा जास्त होतं त्याची ऑटोमेटेड एबीआर व्हायलाच हवी, आणि ज्याला एबीआरवर रेफर आलंय त्याची परत टेस्ट ओएईवर करून ‘पास झालं’ म्हणून घरी पाठवत असतील तर थांबवा आणि एबीआरच करा असं स्पष्ट सांगा.

मग रीस्क्रीनिंगची तारीख तिथेच, डिस्चार्जच्या आधी घ्या. बाळ एक महिन्याचं व्हायच्या आत ही दुसरी टेस्ट उरकायची. एका कानात रेफर असलं तरी दोन्ही कान परत तपासायचे. आणि एकाच दिवशी पास येईपर्यंत दहा वेळा टेस्ट करत बसणं चुकीचं आहे, कारण इतक्या वेळा केल्यावर कधीतरी नुसत्या योगायोगानेही पास येऊ शकतो.

याच काळात डॉक्टरांना एक गोष्ट नक्की विचारा, सीएमव्हीची तपासणी करायची का? हा व्हायरस आईकडून पोटातच बाळाला जाऊ शकतो आणि बाळ वरून एकदम ठणठणीत दिसत असलं तरी त्याने ऐकणं कमी होऊ शकतं. तपासणी लघवीची किंवा लाळेची असते, पण ती जन्मापासून 21 दिवसांच्या आतच करावी लागते, नंतर पॉझिटिव्ह आली तर लागण पोटात झाली की बाहेर आल्यावर, ते त्या तपासणीतून ठरवता येत नाही.

घरी टाळ्या वाजवून, ताट आपटून बघायचा मोह होतो तो समजण्यासारखा आहे पण त्यावरून काही ठरवू नका. बाळ हवेच्या झोताने, पलंगाच्या हादऱ्याने, सावली हलल्यानेही दचकतं, आणि ज्याला जाड मोठे आवाज ऐकू येतात पण बोलण्यातले ‘स’, ‘फ’सारखे बारीक आवाज येत नाहीत ते बाळही टाळीला दचकेलच.

दुसऱ्यांदाही रेफर आलं तर आता तिसऱ्या-चौथ्या स्क्रीनिंगमध्ये वेळ घालवायचा नाही, थेट ऑडिओलॉजिस्टकडे पूर्ण एबीआर करायची, यालाच बरेच जण बेरा टेस्ट म्हणतात. ही बाळ तीन महिन्यांचं व्हायच्या आत व्हायला हवी. तीन महिन्यांच्या आतलं बाळ दूध पिऊन स्वतःहून गाढ झोपतं आणि झोपेतच सगळी टेस्ट होते, पण मोठं झालं की झोपेचं औषध द्यायची वेळ येऊ शकते. तयारी सोपी आहे: घरून निघण्याआधी बाळाला झोपू देऊ नका (प्रवासातली झोप इथे घात करते), दूध तिथे पोचल्यावर, स्टिकर लावून झाल्यावर पाजा, डोक्याला-कपाळाला तेल किंवा क्रीम लावू नका कारण स्टिकर चिकटत नाहीत, आणि दोन-तीन तास मोकळे ठेवा. बाळ मध्येच उठलं तर टेस्ट अर्धी राहते, मग पुढची अपॉइंटमेंट लगेच मागा.

रिपोर्ट कसा वाचायचा ते एका उदाहरणावरून बघू. समजा बाळाला उजव्या कानात दोनदा रेफर आलं आणि सातव्या आठवड्यात बेरा झाली. डाव्या कानाने 20 डेसिबलला प्रतिसाद दिला, म्हणजे तो ठीक. उजव्या कानाने मात्र इयरफोनमधून आवाज दिल्यावर 50 डेसिबलला दिला. इथेच थांबून ‘नस कमजोर आहे’ म्हणायचं नाही, आता कानामागच्या हाडावर व्हायब्रेटर ठेवून तीच टेस्ट करतात. हाडावरून 20 डेसिबलला प्रतिसाद आला तर आतला कान चांगला आहे, आवाज वाटेत अडतोय, बहुतेक वेळा पडद्यामागच्या पाण्यामुळे. मग टिम्पॅनोमेट्रीने, म्हणजे कानात हवेचा दाब बदलून पडदा कसा हलतो ते बघणाऱ्या टेस्टने, खात्री करायची, लहान बाळात ती 1000 हर्ट्झच्या प्रोबनेच करायला हवी. पुढे ईएनटी डॉक्टर बघतात आणि काही आठवड्यांनी परत टेस्ट होते. पण हाडावरूनही 45-50 डेसिबलच आलं, तर अडचण आतल्या कानात किंवा नसेत आहे आणि ती बहुतेक कायमची असते. म्हणून रिपोर्टमध्ये हाडावरची टेस्ट दिसली नाही तर विचारा की ती का केली नाही, आणि वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे आकडे आहेत का तेही बघा, नुसत्या ‘क्लिक’ म्हणजे टिक अशा एकाच आवाजाच्या आकड्यावर हिअरिंग एड नीट सेट करता येत नाही.

कायमचा दोष निघाला तर हिअरिंग एड ‘मोठं झाल्यावर बघू’ असं नसतं, काही आठवड्यांच्या बाळालाही बसवता येतं. दोन्ही कानांत दोष असेल तर सहा महिन्यांच्या आत मशीन आणि भाषेचं काम दोन्ही सुरू व्हायला हवं, कारण बोलायच्या कितीतरी आधी बाळ ऐकून भाषा गोळा करत असतं. कान वाढत असल्यामुळे मशीनचे कानात बसणारे साचे सुरुवातीला वारंवार बदलावे लागतात, मशीन शिट्टी मारायला लागलं तर बहुतेक वेळा साचा सैल झालेला असतो. दोष एकाच कानात असेल तरी फाईल बंद करू नका, मशीनबद्दल ऑडिओलॉजिस्टशी बोला आणि चांगला कानही ठराविक काळाने तपासत राहा.

आणि दुसऱ्या टेस्टला पास आलं तर? बहुतेक बाळांचं तसंच होतं. फक्त घरात लहानपणापासून ऐकू न येणारं कुणी असेल, बाळ एनआयसीयूत राहिलं असेल, मेंदूज्वर किंवा सीएमव्ही झालं असेल, तर ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं, त्यामुळे पुढची तपासणी कधी करायची ते ऑडिओलॉजिस्टकडून लिहून घ्या.