जिप्सम सिलिंगला कुंडी टांगण्यापूर्वीची तयारी

रत्नागिरीतल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या घरात एका जून महिन्यात मनीप्लांटची कुंडी खाली आली. भोकातून वर गेल्यावर पंख उघडून बसणारा टॉगल बोल्ट मात्र सुटला नव्हता. हुक, बोल्ट आणि वर उघडलेले दोन्ही पंख जसेच्या तसे होते, आणि त्या पंखांवर तळहाताएवढा बोर्डाचा तुकडा बसलेला होता. तुकड्याची कड बोटाने दाबली तेव्हा ओल्या खडूसारखी चुरली. ऑक्टोबरमध्ये टांगलेली कुंडी आठ महिने नीट राहिली होती. गच्चीतून झिरपलेल्या पाण्याने वरचा बोर्ड मऊ पडला तेव्हा तो स्वतःच फाटला. टॉगल आपला भार बोर्डाच्या पाठीवर थोडा पसरवतो, एवढेच त्याचे काम. पाकिटावर किलोचा आकडा काहीही छापलेला असो, छतात खरी कसोटी बोर्डाची असते. त्यानंतर दुसऱ्यांदा कुंडी लावताना जी तयारी केली, तीच पुढे क्रमाने लिहीत आहे.

सर्वांत आधी आपले सिलिंग जिप्सम बोर्डाचेच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. आपल्याकडे जाळीवर हाताने ओतलेल्या पीओपीच्या सिलिंगलाही सर्रास जिप्सम म्हणतात, आणि पट्ट्यांच्या चौकटीत नुसत्या ठेवलेल्या दोन फुटी टाइल्सनाही. या दोन्हींना पुढची मापे लागू पडत नाहीत, आणि सुट्या टाइलला तर काहीच टांगू नये. खात्रीचा सोपा मार्ग म्हणजे जवळचा एखादा छतात बसवलेला गोल दिवा, मुख्य स्विच बंद करून, स्प्रिंगच्या पकडी दाबून खाली ओढणे. त्या भोकाच्या कडेला बोर्डाची जाडी दिसते: दोन कागदांच्या मध्ये पांढरा थर, बहुधा 12.5 मिलिमीटर. क्वचित दोन बोर्ड एकावर एक असतात आणि जाडी दुप्पट भरते. तसे असल्यास बोल्ट लांब घ्यावा लागतो.

त्याच भोकातून मोबाइल आत घालून, फ्लॅश लावून चारही बाजूंचा व्हिडिओ घ्यावा. या दोन मिनिटांच्या कामाइतके उपयोगी दुसरे काही नाही. बोर्ड आणि स्लॅब यांच्यात किती पोकळी आहे, वायरी पाइपातून गेल्या आहेत की बोर्डावर नुसत्या सैल पडल्या आहेत, एसीचा पाण्याचा पाइप कुठून जातो, बोर्डाच्या पाठीवर पिवळट डाग आहेत का, बोर्ड ज्यांना कसलेले असतात त्या पत्र्याच्या सेक्शनवर तांबेरा चढला आहे का, हे सगळे त्यात दिसते. मी आधी ठरवलेल्या जागेच्या बरोबर वर दिव्यांच्या वायरींचे भेंडोळे पडलेले निघाले. टॉगलचे पंख घट्ट होताना अशी वायर बोर्डाशी चिमटून ठेवतात. जागा बदलली.

ओल तपासण्याची योग्य वेळ म्हणजे पावसाळा, आणि भोक पाडण्याची योग्य वेळ पाऊस संपल्यानंतरची. लोक आगोटीच्या कामांबरोबर हेही उरकून टाकतात, तेव्हा बोर्ड वर्षातला सर्वांत कोरडा असतो आणि सगळे काही ठीकच वाटते. ऑगस्टमधल्या झडीच्या आठवड्यात त्या जागेवर अंगठा दाबून पाहावा. रंगाखाली मऊ लागले, कडेला चहाच्या डागासारखे वर्तुळ दिसले किंवा दोन भिंतींमध्ये ताणून धरलेल्या दोऱ्याच्या खाली बोर्डाचे पोट आलेले आढळले, तर त्या बोर्डाला काहीही टांगू नये. हिरव्या कागदाचा ओलावा सोसणारा बोर्ड दमट हवेत जास्त टिकतो हे खरे; वरून पाणी गळत असेल तर तोही उपयोगाचा नाही.

यानंतर वजन, आणि तेही पाणी घातलेल्या कुंडीचे. नर्सरीतून आणलेली कुंडी हाताला हलकी लागते ती कोरडी असते म्हणून. घरात बॅगा तोलायचा हुकाचा काटा होता, त्याला साखळी आणि खालच्या ताटलीसकट कुंडी लावली. आठ इंची कुंडी, आपली लाल माती, कोरडी भरली 4 किलो 300 ग्रॅम. भरपूर पाणी घालून, निथळू देऊन पुन्हा तोलली, तर 5 किलो 900 ग्रॅम. एका बोल्टवर बोर्डाला मी स्वतः तीन किलोच्या वर काही लावत नाही. त्यामुळे मनीप्लांट सहा इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत, कोकोपीट आणि थोड्या गांडूळखताच्या मिश्रणात हलवला. भिजल्यावर, साखळी-ताटलीसकट, 2 किलो 400 ग्रॅम. मोठीच कुंडी हवी असेल तर बोर्डाला फक्त आरपार भोक पाडून वरच्या स्लॅबमध्ये फास्टनर मारावा आणि भार साखळीने किंवा सळीने थेट तिथे न्यावा. कौलारू घरात खाली सिलिंग केलेले असेल तर हा भार वाशाला बांधावा. किनाऱ्यावरच्या जुन्या इमारतीत स्लॅबची सळई गंजून प्लास्टर फुगले असेल तर तिथेही ड्रिल लावू नये. पंख्याच्या बाबतीत तर टॉगलचा विचारसुद्धा करायचा नाही. फिरत्या, थरथरत्या वजनाला स्लॅबचाच हुक लागतो.

जागा आखण्यासाठी एक छोटे, जोरकस चुंबक पुरते. बोर्ड पत्र्याच्या सेक्शनला स्क्रूने कसलेले असतात आणि पुट्टीखालच्या स्क्रूच्या डोक्यांना चुंबक चिकटते. असे चारपाच स्क्रू पेन्सिलीने टिंब करून जोडले की सेक्शनची रेघ मिळते. पुढची रेघ बहुधा 18 इंचांवर सापडते. आता बरेच जण दोन रेघांच्या बरोबर मध्ये भोक पाडतात, आणि नेमका तिथेच बोर्ड सर्वांत जास्त वाकतो. अगदी रेघेला खेटूनही चालत नाही, कारण सेक्शनला वर दोन्ही बाजूंना पत्र्याचे पंख असतात, त्याची एकूण रुंदी तीन इंचांच्या आसपास जाते, आणि टॉगलचा एक पंख त्यावर चढून तिरका बसतो. रेघेपासून पाच इंचांवर दोन्ही अडचणी टळतात. दोन बोर्डांच्या सांध्यापासून मात्र वीतभर तरी दूर राहावे. खिडकीसमोरची जागाही टाळावी; दुपारी खारा वारा सुटला की कुंडी झोके घेऊ लागते, आणि झोक्याने बोल्ट भोकाची कड कुरतडत राहतो.

सामानात बोल्ट निवडताना दुकानदाराला ‘बटरफ्लाय’ किंवा ‘स्प्रिंग टॉगल’ असे सांगावे. एकाच बाजूला कलंडणाऱ्या पट्टीचा टॉगल भिंतीसाठी असतो, तो छताला घेऊ नये. जस्ताचा मुलामा दिलेला स्वस्त टॉगल आमच्याकडे दोन पावसाळ्यांत तांबूस होतो, आणि आधी गंजते ती त्यातली बारीक स्प्रिंग. म्हणून स्टेनलेस स्टीलचा मागून घ्यावा, दुसऱ्या गावाहून मागवावा लागला तरी. मी आणलेला बोल्ट 6 मिलिमीटर जाडीचा. भोकाचे माप पाकिटावर असतेच, तरी पंख बोटांनी पूर्ण मिटून पट्टीने मोजून घ्यावेत. माझे 16 मिलिमीटर भरले, म्हणून ड्रिलचे पातेही 16 चेच घेतले. हे भोक पाहून पहिल्यांदा धस्स होते. ते झाकायला निदान दोन इंच रुंदीची गोल चकती लागते, आणि खालून बोर्डाला आधारही तीच देते.

बोल्टच्या लांबीचा हिशेब घरीच करून जावे. पंख मिटलेले असताना त्यांची टोके खाली, आपल्याकडे असतात, त्यामुळे संपूर्ण पंख बोर्डापलीकडे गेल्याशिवाय ते उघडत नाहीत. चकती 3 मिलिमीटर, बोर्ड 12.5, मिटलेले पंख 40, म्हणजे 55.5 झाले, वर थोडी मोकळीक धरून 75 मिलिमीटरचा बोल्ट. घट्ट करताना हा बोल्ट फिरत फिरत वर चढतो, म्हणून पोकळीही तीन इंचांहून अधिक हवी. व्हिडिओत आमची सात इंच दिसली होती.

हँगिंग लाइट असेल तर वजनाचा प्रश्न सहसा येत नाही, वायरीचा येतो. दिव्याचा भार साखळीने किंवा तारेने हुकावर यायला हवा, वीज नेणाऱ्या वायरीवर नाही. आणि टॉगलचे भोक व वायरीचे भोक वेगळे पाडावे, नाही तर बोल्टच्या आट्यांवर वायरीचे आवरण घासते. एमसीबी बंद करून टेस्टरने पाहून घ्यावे. जोडणी वायरमनकडून करून घेतलेली बरी.

प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचे आहे. घोडा, गॉगल, तोंडाला रुमाल. ड्रिलचा हॅमर बंद, वेग कमी, आणि पात्यावर बोर्डाच्या जाडीपाशी चिकटपट्टीची खूण, कारण जिप्सम संपताच पाते एकदम आत घुसते. कागदी पेल्याच्या बुडातून पाते घातले तर भुकटी पेल्यातच पडते. बोल्टवर आधी चकती ओवायची, मगच पंख चढवायचे. हा क्रम चुकला तर पंख काढावे लागतात, आणि आत गेल्यावर काढले तर ते वर पोकळीत पडतात आणि परत मिळत नाहीत. म्हणून एक जोड जादा आणावा. पंख आत जाऊन ‘टक्’ असा आवाज झाला की हुक खाली ओढून धरूनच फिरवावा, नाही तर पंखही बरोबर फिरत राहतात. चकती बोर्डाला टेकल्यावर अर्धा फेरा पुरे. चकतीभोवती कागदाला सुरकुती किंवा खळगा पडला, तर जास्त आवळले गेले आणि आतला जिप्सम चुरला, असे समजून जागा बदलावी.

कुंडी लगेच लावू नये. हुकाच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे. मग पिशवीत पाण्याच्या लिटरच्या बाटल्या घालून भिजलेल्या कुंडीच्या दीडपट वजन टांगावे. आमच्या 2 किलो 400 साठी साडेतीन बाटल्या आणि वर थोडे असे भरले. खाली जुनी गादी टाकून रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी पिशवी तशीच असताना पुन्हा मोजावे. आमचे अंतर एक मिलिमीटरने कमी झाले होते, तो चकतीच्या बसण्याचा फरक. तीनचार मिलिमीटरचा फरक आला असता, किंवा चकतीच्या कडेने रंगाला केसासारखी तडा गेली असती, तर बोल्ट काढून भोक बुजवले असते. पाणी घालायला कुंडी दर वेळी खाली उतरवतो आणि निथळल्यावर वर लावतो, आणि श्रावणात एकदा चकतीभोवती अंगठा दाबून पाहतो.