निगेटिव्ह मार्किंगचा हिशेब: सराव पेपरातले खरे गुण, टक्के आणि अॅक्युरसी कशी काढावी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या अभ्यासिका असोत की विद्यापीठाचा परिसर, सराव पेपर सुटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती अटेम्प्ट केलेस?" त्यानंतर "किती बरोबर आले?" चुकलेल्यांचा आकडा कुणी फारसं विचारत नाही. निकाल मात्र त्याच आकड्यावर फिरतो. म्हणून एकच पेपर घेऊन हा हिशेब शेवटपर्यंत कसा करायचा ते पाहू. उदाहरणाला एमपीएससी राज्यसेवा पूर्व परीक्षेचा सामान्य अध्ययनाचा पहिला पेपर घेतला आहे: १०० प्रश्न, २०० गुण, प्रत्येक प्रश्नाला २ गुण आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक चतुर्थांश, म्हणजे ०.५० गुणाची कपात. सोडलेल्या प्रश्नाला शून्य. एकाच प्रश्नाचे दोन गोळे रंगवले तर ते उत्तर चुकीचं धरलं जातं, म्हणजे तिथेही अर्धा गुण जातो.

कागलहून रोज एसटीने अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीचा पेपर समजा. तिने ८८ प्रश्न सोडवले, त्यातले ५२ बरोबर आले आणि ३६ चुकले.

आधी निव्वळ गुण काढा. ५२ बरोबर म्हणजे १०४ गुण. ३६ चुका गुणिले अर्धा म्हणजे १८ वजा. हातात राहिले ८६. टक्के काढताना भागायचं ते पेपरच्या एकूण गुणांनी, सोडवलेल्या प्रश्नांच्या गुणांनी नाही: ८६ भागिले २००, म्हणजे ४३ टक्के. "५२ बरोबर, म्हणजे ५२ टक्के" असं धरून चालणारी मुलं इथेच नऊ टक्क्यांनी फसतात.

आता अॅक्युरसी. ती बरोबर भागिले सोडवलेले, म्हणजे ५२ भागिले ८८, साधारण ५९ टक्के. पण या आकड्यात कपात कुठेच धरलेली नाही. कपातीनंतर काय उरलं हे पाहायचं तर निव्वळ गुणांना सोडवलेल्या प्रश्नांच्या पूर्ण गुणांनी भागा. ८८ प्रश्नांचे १७६ गुण होतात. ८६ भागिले १७६ म्हणजे साधारण ४९ टक्के. मोबाईलवरच्या स्प्रेडशीटमध्ये A2 मध्ये बरोबर आणि B2 मध्ये चुकीचे प्रश्न लिहिले की निव्वळ गुण, टक्के आणि कपातीनंतरचा हा आकडा ओळीने असे मिळतात:

```
=A2*2-B2*0.5
=(A2*2-B2*0.5)/200*100
=(A2*2-B2*0.5)/((A2+B2)*2)*100
```

दुसऱ्या परीक्षेची तयारी करत असाल तर ०.५ च्या जागी त्या जाहिरातीतली कपात गुणांत काढून घाला. यूपीएससी पूर्व परीक्षेत ती प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश असते. तोच नियम या पेपराला लावला तर ३६ चुकांचे २४ गुण जातात आणि ८६ च्या जागी ८० उरतात. नीटमध्ये बरोबरला ४ आणि चुकीला वजा १, म्हणजे प्रमाण पुन्हा एक चतुर्थांशच. फक्त प्रश्नाचे आणि पेपरचे गुण बदलून घ्यायचे.

अॅक्युरसीच्या मागे लागण्यातही धोका आहे. एखाद्याने ४० प्रश्न सोडवून ३६ बरोबर आणले तर त्याची अॅक्युरसी ९० टक्के दिसते, पण निव्वळ गुण ७०. कागलच्या मुलीपेक्षा सोळा कमी! कट ऑफ लागतो तो गुणांवर. अॅक्युरसीचा उपयोग एवढाच की गुण नेमके कुठे गळतात ते तिच्यावरून कळतं, आणि तेही पूर्ण पेपरची एकच अॅक्युरसी काढून नाही कळत. त्यासाठी पेपर सोडवतानाच खुणा कराव्या लागतात.

प्रश्नपत्रिकेत प्रश्नाच्या आकड्याशेजारी पेन्सिलीने खूण करा. उत्तर पक्कं माहीत असेल तर बरोबरची खूण, दोन पर्यायांत अडकून एक निवडला असेल तर २, आणि निव्वळ तुक्का असेल तर फुली. ही खूण गोळा रंगवायच्या आधी झाली पाहिजे. उत्तरतालिका पाहिल्यावर प्रत्येकाला वाटतं की "हे मला येतच होतं", आणि मग सगळा हिशेब बिघडतो. आयोगाचा जुना पेपर सोडवत असाल तर तपासायला अंतिम उत्तरतालिकाच घ्या, कारण हरकतींनंतर पहिल्या तालिकेतली काही उत्तरं बदलतात.

आपल्या मुलीचे गट असे निघाले. पक्के ४०, त्यात ३४ बरोबर, ६ चूक: ६८ वजा ३, म्हणजे ६५ गुण. दोनांत अडकलेले २६, त्यात १४ बरोबर, १२ चूक: २८ वजा ६, म्हणजे २२. तुक्के २२, त्यात ४ बरोबर, १८ चूक: ८ वजा ९, म्हणजे वजा १. बेरीज ८६, हिशेब जुळला.

एक चतुर्थांश कपातीत नफा-तोट्याची रेषा २० टक्क्यांवर असते. पाच प्रश्नांत एक बरोबर आणि चार चूक आले तर २ मिळतात आणि २ जातात. एक तृतीयांश कपातीत हीच रेषा २५ टक्क्यांवर येते. चार पर्यायांत डोळे मिटून गोळा रंगवला तर सरासरी २५ टक्के लागायला हवेत, म्हणजे एमपीएससीत तुक्क्याला कागदावर किंचित फायदा दिसतो: वीस प्रश्नांत पाच लागले तर अडीच गुण. पण त्याच विसात दोनच लागले तर पाच गुण जातात. शिवाय आपण खरोखर डोळे मिटून गोळा रंगवतच नाही. "फक्त अ आणि ब", "वरील सर्व" अशा विधानांच्या प्रश्नांत अर्धवट वाचलेल्याला जवळचा वाटेल असा चुकीचा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो आणि अर्धवट आठवण नेमकी तिकडेच ओढते. म्हणून काहींचे तुक्के विसाच्याही खाली जातात. या मुलीचे अठरा टक्के आले. मात्र २२ प्रश्नांवरून निकाल देऊ नका. पाचसहा पेपरांचे तुक्के एकत्र करा, आणि तरीही आकडा विसाखाली राहिला तर ते गोळे कोरे सोडा.

दोनांत अडकलेल्यांचं उलट आहे. निम्मे जरी लागले तरी प्रत्येक प्रश्नामागे सरासरी पाऊण गुण मिळतो. निगेटिव्हच्या धास्तीने हे २६ प्रश्न सोडले असते तर तिचे २२ गुण बुडाले असते. हे प्रश्न सोडवायलाच हवेत, एक तृतीयांश कपात असली तरी.

आता पक्क्या गटाकडे परत या. तुक्के पूर्ण बंद केले तर तिचा एकच गुण वाचतो. पण पक्के वाटलेले सहा चुकले, आणि तिथे प्रत्येक चुकीची किंमत अडीच गुण आहे: न मिळालेले दोन आणि वरून गेलेला अर्धा. एकूण १५ गुण. हे सहा प्रश्न वहीत उतरवून प्रत्येकासमोर चूक कशी झाली ते लिहावं. "अयोग्य विधान ओळखा" मधला "अयोग्य" सुटला का, प्रश्नपत्रिकेवर उत्तर ३ केलं आणि ओएमआरवर शेजारचा गोळा रंगवला गेला का, की मुळात चुकीचीच माहिती पाठ झाली आहे? पहिल्या दोन प्रकारांना नवा अभ्यास लागत नाही: नकारार्थी शब्दाला गोल करायचा, आणि दर दहा प्रश्नांनी प्रश्नक्रमांक ओएमआरशी ताडून पाहायचा. तिसऱ्या प्रकारातला प्रश्न ज्या प्रकरणातून आला ते पूर्ण प्रकरण पुन्हा वाचावं लागतं, कारण चुकीचं पाठ झालेलं पुढच्या पेपरातही पक्क्याचीच खूण घेऊन येतं.