ग्राहकाला ‘आपण’ लिहावे की ‘तुम्ही’?

व्यावसायिक ईमेलमध्ये ‘तू’ वर्ज्यच. प्रश्न उरतो तो ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ यांचा. संचालकांसारख्या वरिष्ठ ग्राहकाला ‘आपण’ शोभते, पण या शब्दात ‘आपण सगळे’ हाही अर्थ असल्याने ‘बैठक आपल्या कार्यालयात घेऊ’ असे लिहिले, तर नेमके कोणाच्या कार्यालयात जायचे हे वाचणाऱ्याला कळत नाही. अशा ठिकाणी वरिष्ठांनाही निःसंकोच ‘तुमच्या कार्यालयात’ लिहावे, कारण ‘तुम्ही’ हेही आदरार्थी अनेकवचनच आहे. विनंती करताना मात्र ‘आपण मसुदा तपासून कळवावे’ हे ‘-वे’कारान्त रूप संदिग्धता ठेवत नाही. रोज संपर्कातल्या कनिष्ठ अधिकाऱ्याला ‘मसुदा तपासून कळवा’ पुरते. त्यांच्या साहेबांचा उल्लेख तिथेही ‘ते म्हणाले’ असाच करावा.