जरबेराचा क्राउन मातीवर ठेवा: पावसाळ्यातल्या कुंडीसाठी सल्ला

पावसाळा सुरू झाला की कुंडीतल्या जरबेराची एकच तक्रार कानावर येते: माती ओली आहे, तरी पानं माना टाकून बसली आहेत आणि फुलं थांबली आहेत. मग कुणी खत घालतं, कुणी आणखी पाणी घालतं. बहुतेक वेळा दोष लागवडीच्या दिवशीच झालेला असतो, पावसाने तो फक्त उघडा पाडलेला असतो.

जरबेराला उभं खोड नसतं. सगळी पानं जमिनीलगत एका जाड गाठीतून निघतात, तिला आपण क्राउन म्हणतो. नवी पानं या क्राउनमधून येतात आणि कळ्याही इथेच, पानांच्या बेचक्यात तयार होतात. कळी अगदी लहान असताना पानं बाजूला सारून पाहिलं तर हरभऱ्याच्या दाण्याएवढी लवदार गाठ दिसते. हा भाग मातीखाली गेला किंवा पानांच्या मध्ये पाणी साचून राहिलं, तर बुरशीला ओल मिळते, हवा खेळत नाही आणि ती गाठ वर येण्याआधीच काळी पडून कुजते. म्हणून क्राउनकुज आणि कमी फुलं हे दोन वेगळे आजार समजू नका. पुष्कळदा ते एकाच चुकीचे परिणाम असतात.

माझ्या ताईची कुंडी डोळ्यांसमोर आहे. हिवाळ्यात आणलेलं झाड पाच-सहा फुलं देऊन गेलं, म्हणून तिने हौसेने ते 30 सेंटीमीटर व्यासाच्या मोठ्या कुंडीत हलवलं आणि झाड डळमळू नये म्हणून पानांच्या देठापर्यंत माती चढवली. पाणी रोज संध्याकाळी, तांब्याने थेट झाडाच्या मधोमध. पाऊस लागल्यावर तिचा फोन आला, "अगं, पाणी कमी पडतंय का? दुपारीच नाही, सकाळीही पानं लोळलेली असतात."

मी जाऊन आधी कुंडी उचलली. ती चांगलीच जड होती. पाण्याअभावी सुकलेल्या झाडाची कुंडी हलकी लागते आणि पाणी घातल्यावर पानं काही तासांत उभी राहतात. कडक उन्हात दुपारी मान टाकलेलं झाडही संध्याकाळी सावरतं. जड, ओल्या कुंडीतलं झाड सकाळीही लोळलेलं असेल, तर मुळं किंवा क्राउन कुजत आहे असं धरून चाला. मग मधलं एक पान हलकेच ओढलं. निरोगी पान चिवट लागतं, हे मात्र सहज हातात आलं आणि देठाचं टोक तपकिरी, बुळबुळीत होतं. इतकं दिसल्यावर थांबून चालत नाही.

झाड कुंडीतून काढून मुळं साध्या पाण्याने धुतली. चांगली मुळं पांढरट आणि टणक असतात. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की साल निसटून हातात येते आणि आतला दोरा तेवढा उरतो. या झाडाला दोन क्राउन होते. धारदार पातं स्पिरिटने पुसून दोन्ही वेगळे केले. एक कापून पाहिला तर आतून पूर्ण तपकिरी होता, तो टाकून दिला. दुसऱ्याचा काप कडेला तपकिरी, मधे मलईसारखा पांढरा होता. तपकिरी भाग संपून स्वच्छ गर दिसेपर्यंत त्याला तासलं, प्रत्येक कापानंतर पातं पुसलं, मऊ मुळं आणि खालची लोळलेली पानं काढली आणि काप अर्धा तास सावलीत सुकू दिला. क्राउन मधोमध तपकिरी असेल, तर ते झाड वाचवण्याच्या नादाला लागू नका. ते मातीसकट काढून टाका.

कुजीमागे बहुधा फायटोफ्थोरा ही बुरशीसारखी रोगकारक जात असते. ती मातीत टिकते आणि वाहत्या पाण्याबरोबर पसरते. म्हणून जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका, कुंडी घासून धुवा आणि आजारी कुंडीचा निचरा शेजारच्या कुंड्यांखाली जाऊ देऊ नका. पुनर्लागवडीनंतर मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब या मिश्र बुरशीनाशकाची लीटरला 2 ग्रॅम या प्रमाणात आळवणी करता येते. पाकिटावरचं प्रमाण वेगळं असेल तर तेच पाळा आणि हातमोजे घाला. ट्रायकोडर्मा द्यायचं असेल तर त्याच दिवशी देऊ नका, दोन-तीन आठवडे जाऊ द्या, नाहीतर रसायनामुळे ती उपयोगी बुरशीही मरेल. औषधाने कुजलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही, कुज पुढे सरकणं तेवढं थांबतं.

आता खोलीचं बघा, कारण खरा उपाय तिथे आहे. उरलेल्या मुळांना पुरेल एवढीच, 15 सेंटीमीटरची कुंडी घेतली. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती थोड्या मुळांना शोषून सुकवता येत नाही, ती ओलीच राहते. दोन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट किंवा जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट असं मिश्रण भरलं. लावताना क्राउनचा वरचा भाग मिश्रणाच्या पातळीपेक्षा 1 ते 2 सेंटीमीटर वर ठेवला. झाड किंचित डुगडुगतं, बघायला उघडं-उघडं वाटतं आणि हात आपोआप माती चढवायला जातो. तो आवरा. जरबेराची मुळं रुजताना आकसतात आणि क्राउनला खाली ओढतात, शिवाय माती बसते ती वेगळीच. आज अगदी पातळीला लावलेलं झाड दोन महिन्यांनी खड्ड्यात गेलेलं दिसेल. डुगडुग थांबवायला बाजूला दोन काड्यांचा आधार पुरतो.

पाणी सकाळी घाला, म्हणजे चुकून उडालेले थेंब दिवसा सुकतात. कुंडीच्या कडेने, पानं हाताने वर धरून, खालच्या भोकातून निथळेपर्यंत घाला आणि ताटलीत साचलेलं पाणी पंधरा-वीस मिनिटांनी ओतून टाका. पुढचं पाणी कधी, हे कॅलेंडर सांगत नाही. बोट आत घालून वरचा 2-3 सेंटीमीटर थर कोरडा लागला आणि कुंडी उचलून हलकी वाटली, तरच घाला. रोज थोडं-थोडं पाणी घालणं सगळ्यात वाईट: वरचा थर कायम ओला राहतो आणि क्राउन नेमका तिथेच असतो. संततधार असेल तेव्हा कुंडी छपराखाली, पण उजेडात घ्या.

ताईच्या झाडाला पहिला आठवडा तेजस्वी सावली दिली, मग सकाळचं ऊन. रोज पाच-सहा तास चांगला उजेड नसेल तर क्राउन निरोगी असूनही कळ्या कमीच येतात. तिसऱ्या आठवड्यात मधोमध ताजं पान उलगडलं. तेव्हाच 19:19:19 हे विद्राव्य खत लीटरला 1 ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा सुरू केलं. त्याआधी खत दिलं तर दुखावलेली मुळं आणखी होरपळतात, आणि पुढेही नत्र जास्त झालं तर नुसती पानं माजतात. पहिल्या दोन कळ्या लहान असतानाच खुडायला सांगितल्या. तिचा जीव होईना, पण तिने खुडल्या. फूल मिळायला दोन महिने लागले.

वाळलेलं पान किंवा उतरलेलं फूल कात्रीने अर्धवट कापू नका, उरलेलं खुंट कुजून ओल आत नेतं. दांडा बुडाशी धरून बाजूला पिळत ओढा, तो क्राउनपासून स्वच्छ सुटतो. तेव्हाच बेचक्यात एकदा डोकावून बघा: माती किंवा पालापाचोळा जमला असेल तर मऊ ब्रशने काढून टाका आणि क्राउन अजून मातीच्या वर आहे ना, हे तपासा.